चाळीस माणसांचा, बिनअंड्याचा

ज्योतीराम सोळुंके आमच्या पंप कारखान्यात लाइन इन्स्पेक्टर होता. मूळचा बीडकडचा. चिंचवडच्या एमआयडीसीत तो बाहत्तरच्या दुष्काळात आला, आधी हेल्पर म्हणून लागला आणि आठ वर्षांत हातात व्हर्नियर घेऊन शाफ्ट मोजण्यापर्यंत पोचला. मोजण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. पण स्वभाव घाबरा. एक शाफ्ट तो तीनदा मोजायचा, पास करायचा आणि चहाला गेल्यावर मध्येच उठून चौथ्यांदा मोजून यायचा. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचो, त्यामुळे हे सगळं रोज पाहायचो. माझं नाव नंदकिशोर. ऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये जे झालं ते काही मी पाहिलं, काही त्यानेच मला सांगितलं.

आमचे फोरमन यशवंतराव साळवे ऑगस्टअखेर निवृत्त होणार होते. एकतीस तारखेला रविवार, शॉप चालू पण साहेब लोकांना सुट्टी, म्हणून निरोपाचा कार्यक्रम शनिवारी तीसला, पहिली शिफ्ट सुटल्यावर साडेतीनला ठरला. यशवंतराव नगरकडचे ख्रिस्ती. सोळा वर्षं दर नाताळला ते घरून पत्र्याच्या डब्यात केक आणायचे आणि अख्ख्या शॉपला, म्हणजे आमच्या विभागाला, पुरेल असा पातळ कापून वाटायचे. अंडं न खाणाऱ्यांसाठी वेगळा चिवडा असायचा. शाल आणि घड्याळ कंपनी देणार होती. शॉपने ठरवलं की आपण केक द्यायचा, मोठा, तीन मजली, वर गिअर काढलेला. माणशी पाच रुपये, चाळीस माणसं, दोनशे रुपये.

पण तो श्रावण होता, आणि त्यातला शनिवार. एरवी अंडं खाणारेही महिनाभर बंद होते. तळवड्याचे बबनराव तर गळ्यात माळ घातलेले. ते म्हणाले, "आमी पाच रुपये देतो, पन चिवडा खायाला न्हाई. ह्या वक्ताला समद्यांनी एकच खायाचं. बिनअंड्याचा करा."

मग पैसे कुणाकडे द्यायचे हा प्रश्न निघाला. आदल्या वर्षी जेजुरीच्या सहलीच्या वर्गणीत साठ रुपयांचा हिशेब लागला नव्हता. ज्याच्याकडे पैसे होते त्याने खाल्ले की हरवले हे कधीच कळलं नाही, पण तो माणूस सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला. शेवटी यशवंतरावांच्याच हाताखाली शिकलेल्या ज्योतीरामकडे सगळ्यांनी पाहिलं.

"मला नका देऊ," तो म्हणाला. "केक मी जन्मात घेतला न्हाई."

"तू मोजून घेशील," कुणीतरी म्हणालं आणि विषय संपला.

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. चौदा तारखेच्या गुरुवारी ज्योतीराम इस्त्रीचा शर्ट घालून लोकलने पुण्याला गेला. स्टेशनवरून चालत कॅम्पात, मेन स्ट्रीटवरच्या एका मोठ्या बेकरीत. काचेच्या कपाटांसमोर उभं राहून किती वेळ नुसता पाहत राहिलो, असं त्याने मला नंतर सांगितलं. काउंटरवर एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सभ्यपणे विचारलं, "किती माणसं?"

"पंचावन्न धरा. आमी चाळीस, साहेब लोक, आन् फोरमनच्या घरचे."

"मग पाच किलो लागेल. माणशी ऐंशी-नव्वद ग्रॅम." त्यांनी पॅड पुढे ओढलं. साधा आयसिंगचा केक किलोला अठ्ठावीस. बिनअंड्याचा हवा तर किलोला सहा जास्त, कारण आटवलेल्या दुधाचे डबे लागतात. तीन मजल्यांचे खांब आणि तबकं भाड्याने पंचवीस. गिअर आणि कडेची नक्षी पस्तीस. चिंचवडला गाडीने पोचवायचे चाळीस. खाली रेघ ओढून त्यांनी लिहिलं, दोनशे सत्तर.

"येतो विचारून," असं पुटपुटून ज्योतीराम तो कागद खिशात घालून बाहेर पडला. परतीच्या लोकलमध्ये त्याच्या डोक्यात एकच विचार. चाळीस जणांना आणखी दोन-दोन रुपये कसे मागायचे? आणि मागितले, तर पुण्याला जाऊन आल्यावर भाव वाढला कसा, असं लोक विचारतील. तो चिंचवडऐवजी पिंपरीलाच उतरला. पिंपरी कॅम्पात लछमनशेठची बेकरी होती. सकाळी पाव घ्यायला आमच्याकडची निम्मी वस्ती तिथे जायची.

"तीन मजली केक, वर गिअर, चिंचवडला पोचवून. किती?" त्याने दारातूनच विचारलं.

लछमनशेठने खारीचा डबा बंद केला. "एकसौ पस्तीस. सगळं धरून."

ज्योतीराम सांगायचा, की छातीवरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं. बरोब्बर निम्मे! त्याने आणखी काही विचारलं नाही, पंचवीस रुपये ॲडव्हान्स काढून दिले आणि घरी जाऊन कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

शनिवारी डब्याच्या सुट्टीत त्याने आनंदाने सगळ्यांना सांगितलं, पुण्यात दोनशे सत्तर आणि इथे एकशे पस्तीस. बबनरावांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "किती किलूचा?"

ज्योतीरामचा घास तसाच राहिला.

"आन् बिनअंड्याचा हाय म्हनाला न्हवं त्यो?"

हे दोन्ही प्रश्न त्याने विचारलेच नव्हते. शिफ्ट सुटली तसा तो सायकल मारत पिंपरीला गेला. लछमनशेठने शांतपणे सांगितलं. सात पौंडाचा केक. वजन सजवून झाल्यावरचं, म्हणजे आयसिंगसकट. खालचा मजला लाकडी पेटीचा, वरून क्रीम लावलेला; तो शोभेला, कापायचे वरचे दोन. आणि अंडं तर असणारच. "बिनअंड्याचा मी करतच नाही, भाऊ. माझ्या भट्टीत तो बसतो, उभा राहत नाही."

"मग पैलेच सांगायचं न्हाई का, शेठ?"

"तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघांची चूक आहे."

ज्योतीरामने ॲडव्हान्स परत मागितला नाही. मागायची हिंमत झाली नाही. सायकल हातात धरून तो चालत घरी आला. सात पौंड म्हणजे सव्वातीन किलोही नाहीत, हे त्याने वाटेतच मनात करून पाहिलं होतं. किलोला साडेबेचाळीस पडत होते, तेही अंड्यासकट. म्हणजे वाटला तितका स्वस्त नव्हताच तो, बराचसा लहान होता. आणि दुसऱ्याचे पंचवीस रुपये गेले होते.

सोमवारी तो माझ्याजवळ आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "नंदूभाऊ, मला काय की भ्याव वाटायलंय. त्या जेजुरीवाल्यासारखं माझं व्हईल."

मी त्याला सांगितलं की निगडीच्या प्राधिकरणात पद्मा खानोलकर म्हणून एक बाई आहेत. त्यांचे यजमान भोसरीला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. बाई घरी केक करून विकतात, माझी बहीण त्यांच्याकडेच शिकली. तिच्याकडून कळलं होतं की बाई बिनअंड्याचेही करतात. त्याने लगेच इन्स्पेक्शनचा एक कोरा कागद ओढला आणि उभ्या रेघा मारल्या. वजन, आयसिंगसकट की त्याशिवाय, मजले खरे की शोभेचे, अंडं, नक्षी, पोचवणं. "आता एकाच मापात विचारतो सगळ्यांना," तो म्हणाला. "मोटारीचा शाफ्ट आन् पंपाचा शाफ्ट शेजारी ठिऊन कोणता स्वस्त ते सांगता येत न्हाई."

एकवीसच्या गुरुवारी तो निगडीला गेला. पद्माताई दाराशीच भेटल्या, हाताला पिठीसाखर लागलेली. दोन खोल्यांच्या घरात स्टुलावर एक गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन. ज्योतीरामने आधीच सांगून टाकलं, "ताई, मला यातलं काई कळत न्हाई. पन एकेक करून सांगा, मी लिहून घेतो."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी नीट सांगितलं. आयसिंगचा किलोला चोवीस. वजन त्या नुसत्या भाजलेल्या केकचं धरायच्या, आयसिंग वरून. बिनअंड्याला किलोमागे चार रुपये जास्त. नक्षीचे पंचवीस. पोचवत नाहीत, येऊन न्यायचा.

"आन् तीन मजले?"

"पाच किलोचे तीन मजले बिनअंड्याचे? नाही करणार मी." त्यांनी स्पष्ट सांगितलं. "अंडं नसलं की केक मऊ आणि भुसभुशीत होतो. एकावर एक ठेवले तर खालचा दबतो. खांबांवर ठेवले तर दोन चालतील, एक दीड किलोचा आणि वर अर्ध्याचा. आणि सगळं सजवायचं कशाला? लोक बघतात तो एक, खातात तो दुसरा. दोन किलोचा दोन मजली पुढे मांडा. बाकी तीन किलो साधे चौकोनी करते, आयसिंगशिवाय, किलोला अठरा. ते मागे कापून वाटा. बिनअंड्याचे चार त्यावरही पडतील."

ज्योतीरामने रकाने भरले. मग खिशातला पुण्याचा कागद काढून शेजारी ठेवला. पद्माताईंनी तो वाचला आणि त्यांचं बोट नक्षीच्या ओळीवर थांबलं.

"ही नक्षी कशाची करणार ते सांगितलं का त्यांनी?"

"साखरेचीच असंल की."

"कडक पांढरी नक्षी असेल तर रॉयल आयसिंग. ते अंड्याच्या पांढऱ्यात घोटतात. केकमध्ये अंडं नसलं तरी वरून असतं. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगतात, पण विचारायला हवं."

ज्योतीराम खुर्चीवरून उठलाच. तीस तारखेला बबनराव तो गिअरचा तुकडा तोंडात घालतायत, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. माळकरी माणूस, श्रावणातला शनिवार, आणि खाऊ घालणारा आपण.

"तुमची नक्षी?"

"लोणी आणि पिठीसाखर. तितकी ताठ उभी राहत नाही. गिअरचे दाते जरा गोल दिसतील. या दमट हवेत तर दिसतीलच."

"गोल चालतील," तो घाईघाईने म्हणाला.

पण त्याचं समाधान होईना. तो तसाच पुन्हा लोकलने पुण्याच्या कॅम्पात गेला. त्या वयस्क गृहस्थांनी लपवाछपवी केली नाही. "रॉयलच. अंड्याचा पांढरा भाग असतो त्यात. नको असेल तर बटर आयसिंग करू, भाव तोच." मग ज्योतीरामने त्यांनाही पद्माताईंच्याच मापात विचारलं. दोन किलो दोन मजली, तीन किलो साधा, सगळा बिनअंड्याचा. साधा त्यांच्याकडे किलोला वीस होता, आणि दोन मजल्यांच्या स्टँडचं भाडंही तेच पंचवीस. बेरीज दोनशे सेहेचाळीस. गाडी नको म्हटलं तरी दोनशे सहा, वर रिक्षा. पद्माताईंकडे केक, बिनअंड्याचे जास्तीचे आणि नक्षी मिळून एकशे सत्तेचाळीस होत होते. पण त्यांच्याकडे खांबांचं स्टँड नव्हतं.

स्टँड लछमनशेठच्या दुकानात काचेमागे होतं, हे ज्योतीरामने दोनदा पाहिलं होतं. तिथे तिसऱ्यांदा जायची त्याला लाज वाटत होती. शेवटी दुसऱ्या दिवशी मलाच बरोबर घेऊन गेला. मी बोलायला तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "शेठ, केक दुसरीकडं ठरवलाय. खरं सांगतो. मला खांब पाहिजेत."

लछमनशेठने विचारलं, "बिनअंड्याचा कोण करतंय?"

"निगडीला एक ताई हायेत."

"खांबावर टिकेल?"

"दोन मजले टिकतील म्हनाल्या."

शेठने कपाट उघडून प्लॅस्टरचे चार खांब आणि दोन तबकं काढली, फडक्याने पुसली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. "तुमचे पंचवीस माझ्याकडे आहेत. दहा भाडं, पंधरा अनामत. खांब अख्खे आणा, पंधरा घेऊन जा."

बाहेर आल्यावर ज्योतीरामने पुडकं उघडून खांब पुन्हा मोजले. मला वाटलं, आता तरी हा माणूस निवांत होईल.

एकोणतीसला, शुक्रवारी, शिफ्ट संपल्यावर तो निगडीला डोकावायला गेला, तर पद्माताई ओव्हनसमोर स्टुलावर बसलेल्या आणि घरात वीज नाही. सकाळी अकराला गेली ती आलीच नव्हती. दोन मजल्यांचे केक गुरुवारीच झाले होते, साध्या तीन किलोंतला एक किलो सकाळी निघाला होता. ओव्हनमध्ये एका वेळी किलोभरच मावतो; दीड किलोचा मजलाही दोन थरांत भाजला होता. उरलेले दोन व्हायचे होते.

"मिश्रण करून ठेवायचं का, ताई? वीज आली की लगेच..."

"नाही हो. सोडा घातला की ते थांबत नाही. ठेवलं तर केक बसेल." त्यांच्याही आवाजात काळजी होती, पण त्या ती दाखवत नव्हत्या. "पहाटे सहसा जात नाही. चारला उठून करते. तुम्ही घरी जा, इथे बसून वीज येणार नाही."

त्या रात्री तो झोपला नाही, हे त्याच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, मला नंतर सांगितलं. बिछान्यावर पडून दर थोड्या वेळाने तो दिव्याचं बटण दाबून बघत होता.

शनिवारी तो सातला कामावर आला, बारापर्यंत शाफ्ट मोजले आणि अर्धी रजा टाकून निगडीला गेला. वीज आली होती. पहाटे दोन्ही किलो निघाले होते, पण चौकोनी साचा एकच, म्हणून त्यातला पहिला पुरता निवण्याआधी काढावा लागला, त्यामुळे त्याला मधोमध भेग पडली होती.

"हा कापताना मागे ठेवा," पद्माताई म्हणाल्या. "चवीला काही झालेलं नाही."

ज्योतीराम भेगेकडे बघत राहिला. शॉपमध्ये भेग पडलेला माल तो लाल खडूने फुली मारून बाजूला काढायचा. इथे फुली मारून उपयोग नव्हता.

मजले वेगवेगळ्या खोक्यांत भरले. ते जागेवर गेल्यावरच एकमेकांवर चढवायचे होते. पद्माताईंनी चाकू, आयसिंगचा कागदी कोन आणि थोडं लोणी-साखर पिशवीत घेतलं आणि पायात चपला घातल्या. "चला. तुम्हाला नाही जमायचं ते."

रिक्षात मोठं खोकं ज्योतीरामच्या मांडीवर, छोटं पद्माताईंच्या, साधे केक पायाशी. आकुर्डीच्या पुढे रस्ता खणलेला होता. रिक्षावाल्याला तो दर खड्ड्याला "हळू, दादा, हळू" म्हणत होता. शेवटी रिक्षावाला वैतागून म्हणाला, "साहेब, आत पेशंट आहे काय?"

गेटवर वॉचमनने अडवलं. आत येणाऱ्या प्रत्येक मालाची नोंद लागते, आणि खोकी उघडून दाखवा म्हणाला. शिवाय बाईंना पास नाही. साडेतीनला पंधरा मिनिटं कमी होती. ज्योतीराम नुसता खोकं छातीशी धरून उभा होता. मी आतून हे पाहिलं, धावत जाऊन पर्सोनेल खात्यातून चिठ्ठी आणली, तोवर पद्माताईंनी स्वतःच मोठ्या खोक्याचं झाकण उघडून वॉचमनला दाखवलं होतं. "बघा आणि लगेच झाका. धूळ बसेल." वॉचमनने वाकून पाहिलं आणि नोंदवहीत काय लिहायचं ते त्यालाही सुचेना. शेवटी त्याने लिहिलं, "खाद्यपदार्थ, नग पाच."

कँटीनच्या टेबलावर पद्माताईंनी पाच मिनिटांत खांब लावले आणि छोटा मजला चढवला. तो किंचित डावीकडे कलला. त्यांनी तबकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला, प्रवासात पुसलेली कड कोनाने पुन्हा काढली आणि बाजूला झाल्या. गिअरचे दाते खरंच गोल झाले होते. आमचा एक फिटर म्हणाला, "हा गिअर घसरणार." सगळे हसले. ज्योतीराम हसला नाही. तो त्या कललेल्या मजल्याकडे बघत होता.

यशवंतराव बायकोसह आले. भाषणं झाली, शाल झाली. मग त्यांनी केक कापला. पहिला तुकडा कुणाला द्यायचा म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सवयीने बबनरावांना वगळून पुढे वळले. तेवढ्यात बबनराव पुढे झाले. पण तुकडा हातात घेतल्यावर त्यांनी तो तोंडाशी नेला नाही. सगळ्यांसमोर ज्योतीरामला विचारलं, "सोळुंके, अंडं न्हाई ना? नक्की?"

"न्हाई," ज्योतीराम म्हणाला. "आतबी न्हाई, वरच्या नक्षीतबी न्हाई. दोन्ही विचारलंय मी. ह्या ताईंनी केलाय, त्या इथंच हायेत, त्यांना विचारा."

बबनरावांनी पद्माताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. बबनरावांनी गिअरचा अख्खा एक दाता तोंडात घातला. "ग्वाड हाय," ते म्हणाले, आणि यशवंतराव त्यांच्याकडे बघत राहिले. सोळा वर्षांत त्यांनी बबनरावांना केक खाताना पाहिलं नव्हतं. मग चष्मा काढून पुसत राहिले.

मागे मी साधे केक कापत होतो. भेगेचा भाग नीट कापता येईना, थोडा चुरा झाला. छप्पन्नाव्या आणि सत्तावन्नाव्या माणसाला पुरला नाही. ते दोघे म्हणजे वॉचमन आणि ज्योतीराम. वॉचमनला ज्योतीरामने चुऱ्याची बशी नेऊन दिली. स्वतः काहीच खाल्लं नाही.

सोमवारी त्याने हिशेब नोटीस बोर्डावर लावला. पुण्याचा भाव, लछमनशेठचा भाव, पद्माताईंचा भाव, सगळे एकाच मापात शेजारी शेजारी, रकान्यांसह. खांबांचे दहा आणि रिक्षाचे बारा धरून खर्च एकशे एकोणसत्तर, शिल्लक एकतीस. लोक डब्याच्या सुट्टीत येऊन वाचत होते. कुणी काही विचारलं नाही. ज्योतीराम कुणी विचारत नाही म्हणूनही दिवसभर अस्वस्थ होता. संध्याकाळी बबनरावांनीच त्याला सांगितलं, "आरं, इचारायचं काय? समदं तर लिवलंयस."

गुरुवारी खांब परत करून त्याने पंधरा रुपये घेतले. लछमनशेठने खांब बोटाने वाजवून बघितले आणि बाईंचा पत्ता लिहून घेतला. त्यांच्याकडेही श्रावणात लोक बिनअंड्याचा विचारत येत, आणि ते परत पाठवत. तिथून ज्योतीराम निगडीला गेला. शॉपने त्याला सांगितलं होतं, की शिल्लक एकतिसातले दहा बाईंना दे, त्या स्वतः येऊन मांडून गेल्या.

पद्माताईंनी नोट हातात घेतली नाही. "जागेवर येऊन मांडायचे पैसे मी भावात धरले नव्हते. चूक माझी. पुढच्या गिऱ्हाइकाला धरीन."

"माझ्या कागदातबी तो रकाना नव्हता, ताई," ज्योतीराम म्हणाला. त्याने खिशातून कागद काढला, उलगडला आणि काळजीने बघू लागला. पुण्यावाल्यांच्या पोचवण्याच्या चाळिसात मांडून देणं धरलं होतं की नव्हतं? हे त्याने विचारलंच नव्हतं.

"आता काय करणार आहात? परत जाणार पुण्याला?"

तो खरंच विचारात पडला. मग पद्माताईंनी त्याला बसायला सांगितलं, आत जाऊन पाणी आणलं आणि त्याबरोबर एका ताटलीत साध्या केकचा एक तुकडा. दुसऱ्या कुणाच्या तरी ऑर्डरमधून उरलेला, आदल्या दिवशीचा. त्याने तो खाल्ला. घरी जाऊन दुर्गाबाईंना सांगितलं की चांगला होता, जरा भुसभुशीत. त्या म्हणाल्या, मग पोरीच्या वाढदिवसाला आणा. तो म्हणाला, आणू, पण आधी विचारून येतो.